ओढ्यातल्या माशांची संख्या कशी काढावी: विजेच्या मासेपकडीची तीन फेऱ्यांची पद्धत आणि तिचा फसवा नेमकेपणा

ओढ्याच्या पन्नास मीटरच्या पट्ट्यात आपण तीन वेळा मासे पकडले आणि एकूण १०४ मासे हाती लागले, तर त्या पट्ट्यात मुळात किती मासे होते, हा या लेखाचा प्रश्न आहे. १०४ हे उत्तर नव्हे, कारण दगडाखाली आणि मुळ्यांच्या जाळ्यात काही मासे राहिलेच असणार. ते किती राहिले, हे पकड फेरीगणिक किती वेगाने घटली त्यावरून काढता येते. पहिल्या फेरीत पकडलेले मासे परत सोडायचे नाहीत, वेगळे ठेवायचे; दुसऱ्या फेरीत उरलेल्यांतून पकडायचे, तिसऱ्या फेरीत पुन्हा उरलेल्यांतून. प्रत्येक फेरीत हजर माशांपैकी ठरावीक हिस्सा सापडतो असे मानले, तर घटीचा वेग कळताच तो हिस्सा कळतो आणि हिस्सा कळला की मूळ संख्या कळते. या पद्धतीला रिमूव्हल पद्धत म्हणतात. तिचे गणित पी. ए. पी. मोरान यांनी १९५१ मध्ये मांडले आणि कॅल्विन झिपिन यांनी १९५६ व १९५८ मधल्या लेखांतून ते प्रत्यक्ष वापरण्याजोगे केले.

कोल्हापुरात प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गांतले विद्यार्थी क्षेत्र-अहवालासाठी ओढ्यांवर जातात, तेव्हा त्यांच्या अहवालात बहुतेक वेळा प्रजातींची यादी असते, पण संख्या नसते. आणि जिथे संख्या असते तिथे ती इतकी नेमकी दिसते की तिच्यावर शंका घ्यावीशीच वाटत नाही. मला या दुसऱ्या गोष्टीची अधिक काळजी वाटते. म्हणून ओढ्यावरची कामे सांगतानाच, आकडा कुठे फसवतो आणि ते कसे ओळखावे, यावर मी या लेखात जास्त वेळ घालवणार आहे. उदाहरणासाठी कळे आणि गगनबावडा यांच्या दरम्यान कुंभी नदीला मिळणारा, तीन-साडेतीन मीटर रुंदीचा, खडकाळ तळाचा एक ओढा डोळ्यांसमोर ठेवू. त्यातले आकडे पद्धत समजावी म्हणून घेतलेले आहेत. ते कुठल्या प्रत्यक्ष ओढ्याची नोंद म्हणून वापरू नयेत.

आधी परवानगी, मग ओढा

आपल्या भागात ‘करंट लावून मासे मारणे’ हा शब्दप्रयोग सर्वांना माहीत आहे. बॅटरी आणि इन्व्हर्टर जोडून किंवा थेट खांबावरच्या तारेवर आकडा टाकून पाण्यात वीज सोडली जाते. त्यात मासेही मरतात आणि माणसेही मरतात. या लेखातली पद्धत त्या प्रकाराशी कुठल्याही अर्थाने जोडू नये. येथे फक्त संशोधनासाठी बनवलेले, पाठीवर घ्यायचे यंत्र वापरायचे असते. त्याच्या दांड्यावरचे बटण सुटताच प्रवाह थांबतो आणि चालवणारा कलंडला तरी प्रवाह आपोआप बंद होतो. असे यंत्र मिळत नसेल, तर ही पद्धत बाजूला ठेवावी आणि जाळ्यांनी सर्वेक्षण करावे. घरगुती जोडणीचा विचारही करू नये.

जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाची लेखी परवानगी घ्यावी आणि संस्थेच्या प्राणी-नीती समितीपुढे प्रस्ताव ठेवावा. ओढा राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत असेल, तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खालची परवानगी वेगळी लागते आणि तिला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज सगळ्यांत आधी करावा. गावच्या सरपंचांना आणि पोलीस पाटलांना आदल्या दिवशी भेटून काम समजावून सांगावे. कपडे धुणाऱ्या बायका, पोहणारी मुले आणि पाण्यावर येणारी जनावरे यांना त्या वेळेपुरते दूर ठेवण्यासाठी गावातल्याच एका माणसाला काठावर उभे करता आले, तर फार बरे. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना माणूस हवा, कारण म्हैस पाण्यात उतरताना कुणाला विचारत नाही.

चमूत किमान पाच जण असावेत: एक यंत्र चालवणारा, दोन हातजाळी धरणारे, एक बादली वाहणारा आणि एक काठावर थांबणारा. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाने छातीपर्यंत येणारा, कुठेही न गळणारा रबरी पोशाख आणि वीजरोधक हातमोजे घालावेत. जाळ्यांचे दांडे धातूचे नसावेत. हृदयविकार असणारा किंवा पेसमेकर बसवलेला माणूस पाण्यात उतरू नये. छातीदाबाचे प्रथमोपचार येणारे किमान दोघे असावेत आणि त्यांतला एक काठावर असावा. पाऊस सुरू झाला तर काम लगेच थांबवावे.

पट्टा निवडणे आणि तो बंद करणे

आपल्याकडे या कामाचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात गगनबावड्याच्या ओढ्यांत उभे राहणेच अवघड असते, आणि एप्रिल-मेमध्ये पाणी डोहांपुरते उरते व मासे आधीच ताणाखाली असतात. पाणी गुडघ्यापर्यंत, फार तर मांडीपर्यंत असावे आणि तळ दिसावा. पट्टा पन्नास मीटरचा घ्यावा आणि त्यात खळाळ, डोह आणि संथ पाणी या तिन्ही प्रकारच्या जागा याव्यात. केवळ सोपा म्हणून एखादा डोह निवडला, तर पुढे मिळणारी घनता त्या डोहाचीच असते, ओढ्याची नसते.

पट्ट्याच्या वरच्या आणि खालच्या टोकांना अडवणारी जाळी लावायची, कारण सगळे गणित एका गृहीतावर उभे आहे: तिन्ही फेऱ्यांच्या काळात कुठलाही मासा बाहेर जात नाही आणि आत येत नाही. जाळीचे डोळे पाच मिलिमीटरच्या आसपास असावेत. दोन्ही जाळी एकाच वेळी, काठावरून चालत जाऊन लावावीत. पट्ट्यातून चालत गेले तर मासे काम सुरू होण्याआधीच पळतात. जाळीची शिशाची कड तळाला लागली की तिच्यावर सलग दगड रचावेत. खडकाळ तळाला जाळी कधीच सपाट बसत नाही. दोन दगडांमधल्या फटीत गवताचे किंवा कापडाचे बोळे घालावे लागतात.

या बाबतीतली माझी एक चूक सांगण्यासारखी आहे. थंडीत काठच्या झाडांची पाने सतत पाण्यात पडत असतात. माझ्या सुरुवातीच्या एका सर्वेक्षणात दुसरी फेरी संपल्यावर पाहिले, तर खालच्या जाळीवर पानांचा थर साचून ती फुगली होती आणि तिची कड तळहाताएवढी वर उचलली गेली होती. ती कड केव्हा उचलली गेली, हे कुणालाही सांगता येईना. मासे निसटले असतील तर पकड खऱ्यापेक्षा वेगाने घटल्यासारखी दिसते आणि अंदाज कमी येतो. खालून मासे आत आले असतील तर पकड घटतच नाही आणि अंदाज फुगतो. कोणत्या बाजूची चूक झाली हेच कळत नसल्यामुळे तो दिवस आम्ही अहवालातून काढून टाकला. तेव्हापासून प्रत्येक फेरीनंतर दोन्ही जाळ्यांवरची पाने काढणे आणि कडेवरून पाण्याखाली हात फिरवून पाहणे, हे काम एका ठरावीक माणसाकडे असते आणि तो त्याची वेळ लिहून ठेवतो.

वीज किती आणि कशी

मासा पाण्यातल्या विद्युतक्षेत्रात सापडला की काही अंतरावर त्याचे स्नायू त्याला ॲनोडकडे, म्हणजे चालवणाऱ्याच्या हातातल्या कड्याकडे, ओढत नेतात. त्याहून जवळ तो गुंगतो. प्रवाह कमी पडला तर मासा फक्त दचकून पळतो. जास्त झाला तर स्नायू आखडतात आणि पाठीच्या कण्याला इजा होते. एकदिश स्पंदित प्रवाहच वापरावा. घरात येतो तसा उलटसुलट वाहणारा प्रवाह माशांना सर्वाधिक इजा करतो.

कोणती सेटिंग लागेल, ते पाण्याच्या विद्युतवाहकतेवर ठरते. येथे एक बारीक चूक नेहमी होते. बहुतेक मीटर २५ अंश सेल्सिअसला जुळवलेला आकडा दाखवतात, पण माशाला लागणारी वीज पाण्याच्या त्या क्षणीच्या तापमानावर अवलंबून असते. तापमान एक अंशाने उतरले की वाहकता सुमारे दोन टक्क्यांनी उतरते. मीटरने ८० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर दाखवले आणि सकाळचे पाणी २० अंशांवर असेल, तर प्रत्यक्ष वाहकता सुमारे ७२ असते. अहवालात दोन्ही आकडे लिहावेत.

वाहकता शंभराच्या खाली असेल, तर व्होल्टेज जास्त लागते. तरीही सुरुवात तळापासून करावी. अमेरिकेच्या राष्ट्रीय सागरी मत्स्यसेवेने २००० साली दिलेल्या सूचनांमध्ये सुरुवातीला १०० व्होल्ट, ५०० मायक्रोसेकंदांची स्पंदरुंदी आणि सेकंदाला ३० स्पंद सांगितले आहेत. त्या सूचना सॅल्मन कुळातल्या माशांसाठी आहेत. आपल्या मळ्या, मुरी, वाम यांना त्यांच्या वरच्या मर्यादा जशाच्या तशा लागू होतील असे मानू नये, पण खालून वर जाण्याचा क्रम मात्र तसाच पाळावा. आधी व्होल्टेज वाढवावे, मग स्पंदरुंदी. स्पंदांची संख्या सर्वांत शेवटी, कारण कण्याच्या इजा तिच्यामुळे वाढतात. ही चाचणी आपल्या पट्ट्याच्या बरेच खाली, वेगळ्या पाण्यात करावी. मासा ॲनोडकडे वळतो आणि प्रवाह थांबल्यावर काही सेकंदांत पुन्हा सरळ होतो, अशी सेटिंग योग्य समजावी. अंगावर काळसर पट्टे उमटले किंवा मासा मिनिटभर आडवाच राहिला, तर ती सेटिंग जास्त झाली.

एकदा ठरलेली सेटिंग तिन्ही फेऱ्यांत बदलायची नाही. दुसऱ्या फेरीत मासे कमी मिळतात म्हणून व्होल्टेज वाढवण्याचा मोह होतो. पण पकड घटणे हेच तर आपल्याला मोजायचे आहे. सेटिंग बदलली की घट माशांच्या संख्येमुळे झाली की यंत्रामुळे, हे वेगळे करता येत नाही.

तीन फेऱ्या

खालच्या जाळीपासून सुरुवात करून प्रवाहाविरुद्ध वर जायचे, म्हणजे पायांनी उठलेला गाळ मागे वाहून जातो आणि पुढचे पाणी स्वच्छ राहते. ॲनोड सतत चालू ठेवून पाण्यातून ओढत नेला, तर मासे त्याच्या पुढे पुढे पळत वरच्या जाळीपाशी गोळा होतात. त्याऐवजी एखाद्या दगडाच्या किंवा मुळांच्या आडोशाजवळ ॲनोड नेऊन मग बटण दाबावे, पाचसहा सेकंदांनी सोडावे आणि पुढच्या आडोशाकडे जावे.

मळ्या, म्हणजे शास्त्रीय नावाने गॅरा मुल्या, पकडताना हातजाळीवाल्यांना वेगळे शिकवावे लागते. हा मासा तोंडाखालच्या चकतीने दगडाला चिकटून राहतो आणि गुंगला की वर येत नाही. दगडाच्या खालच्या बाजूने घरंगळत प्रवाहाबरोबर तळालगत वाहू लागतो. पाण्याच्या पृष्ठभागाकडे पाहणाऱ्याला तो दिसतच नाही. हातजाळी दगडाच्या मागे, प्रवाहाच्या बाजूला, तळाला टेकवून आधीच धरलेली असली, तरच तो तिच्यात येतो. ध्रुवीकृत काचांचा चष्मा लावला तर पाण्यावरची चकाकी जाते आणि पांढुरके पोट क्षणभर चमकलेले दिसते. दगड उलटून पाहायचे ठरवले असेल, तर तिन्ही फेऱ्यांत सारखेच उलटावेत.

फेरी संपली की खालच्या जाळीला अडकलेले मासे त्याच फेरीत मोजावेत. यंत्राच्या घड्याळावर प्रवाह किती सेकंद चालू होता, ते लिहावे. तिन्ही फेऱ्यांचे सेकंद जवळपास सारखे यावेत, पण केवळ आकडा जुळवण्यासाठी शेवटी रिकाम्या पाण्यात बटण दाबून उभे राहू नये. सगळे आडोसे तितक्याच निगुतीने तपासले गेले का, हे महत्त्वाचे. चालवणारा आणि जाळीवाले तेच राहू द्यावेत. दोन फेऱ्यांमध्ये किमान एक तास थांबावे. तेवढ्यात पाणी निवळते आणि वीज लागूनही निसटलेले मासे काही प्रमाणात सावरतात.

प्रत्येक फेरीचे मासे वेगळ्या टपात, सावलीत, हवा सोडणाऱ्या छोट्या पंपासह ठेवावेत, आणि टप पट्ट्याच्या बाहेर असावेत. वाम आणि डोकऱ्या यांना लहान माशांबरोबर एका टपात ठेवू नये; ते त्यांना खातात आणि मोजणी बिघडते. लांबी मिलिमीटरमध्ये प्रत्येक माशाची घ्यावी. हे काम कंटाळवाणे आहे आणि घाईत ‘लहान’ व ‘मोठे’ एवढेच लिहिण्याची इच्छा होते, पण पुढे दिसेल की अहवालाचा सगळा भरवसा या लांबीच्या रकान्यावर आहे. तिन्ही फेऱ्या आणि मोजमाप झाल्यावर जाळी काढावीत आणि मासे पट्ट्यात पसरून सोडावेत. मेलेल्या माशांची संख्या फेरीनुसार लिहावी.

आकडेमोड

आपल्या उदाहरणात मळ्याची पकड पहिल्या फेरीत ६४, दुसऱ्या फेरीत २७ आणि तिसऱ्या फेरीत १३ आली, एकूण १०४. तीन फेऱ्यांसाठी हाताने सोडवता येणारे सूत्र असे आहे:

```
X = 2*c1 + c2
Y = c1 + c2 + c3
R = sqrt(Y^2 + 6*X*Y - 3*X^2)
N = (6*X^2 - 3*X*Y - Y^2 + Y*R) / (18*(X - Y))
p = (3*X - Y - R) / (2*X)
```

येथे c1, c2, c3 म्हणजे पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीतली पकड, N म्हणजे मूळ संख्या आणि p म्हणजे एका फेरीत एखादा मासा सापडण्याची शक्यता. X १५५ येतो, Y १०४, R सुमारे १८८.३, त्यावरून N ११३.९ आणि p ०.५६. म्हणजे पट्ट्यात सुमारे ११४ मळ्या होते आणि दर फेरीत निम्म्याहून थोडे अधिक सापडत गेले. प्रमाणत्रुटी ५.६ येते, म्हणून ९५ टक्के विश्वासाची व्याप्ती ११४ अधिक-उणे ११. खालची बाजू १०३ येते, पण १०४ मासे आपण डोळ्यांनी पाहिले आहेत, म्हणून अहवालात ती १०४ ते १२५ अशी लिहावी.

तिसरी फेरी खरेच लागते का, असे दर वर्षी कुणीतरी विचारतेच, कारण तोवर दुपार झालेली असते. फक्त पहिल्या दोन फेऱ्यांवर थांबलो असतो, तर c1² भागिले (c1 − c2) या सूत्राने संख्या १११ आली असती, म्हणजे जवळपास तेवढीच. पण प्रमाणत्रुटी १२ आली असती, म्हणजे दुपटीहून जास्त. शिवाय दोन फेऱ्यांत p स्थिर होता का, हे तपासायला काहीच उरत नाही. तीन फेऱ्यांत ते थोडेफार तपासता येते: N आणि p वरून तिन्ही फेऱ्यांत अपेक्षित पकड ६३.५, २८.१ आणि १२.५ येते, आणि प्रत्यक्ष पकड ६४, २७ आणि १३ आहे. याहून सुबक जुळणी मागता येणार नाही. बहुतेक अहवाल येथेच थांबतात.

सुबक जुळणीच्या आड काय असते

आता लांबीच्या रकान्याकडे वळू. पाच सेंटिमीटरहून मोठे आणि त्याहून लहान असे मासे वेगळे केले, तर तीच पकड अशी दिसते:

| फेरी | मोठे | लहान | एकूण |
|---|---|---|---|
| पहिली | ४४ | २० | ६४ |
| दुसरी | १२ | १५ | २७ |
| तिसरी | ३ | १० | १३ |

मोठ्या माशांची पकड झपाट्याने घटली. लहानांची रेंगाळत घटली. कारण विजेचे आहे आणि डोळ्यांचेही आहे. माशाच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत जितके अंतर जास्त, तितका त्याच्या अंगावर पडणारा व्होल्टेजचा फरक जास्त, म्हणून मोठा मासा लवकर गुंगतो. आणि गुंगलेला मोठा मासा दिसतोही लवकर. दोन्ही गटांना तेच सूत्र वेगवेगळे लावले, तर मोठ्यांची संख्या ६० येते, p ०.७३ आणि प्रमाणत्रुटी १.३. लहानांची संख्या ७० येते, p फक्त ०.२९ आणि प्रमाणत्रुटी २३. बेरीज होते सुमारे १३१, आणि तिची ९५ टक्के व्याप्ती १०४ ते १७७.

एकत्र गणिताने ११४ अधिक-उणे ११ सांगितले होते. वेगळ्या गणिताने १३१ अधिक-उणे ४६ सांगितले. पहिला आकडा सुबक होता, पण चुकीच्या गृहीतावर उभा होता: सगळे मासे सारख्याच शक्यतेने सापडतात, असे त्याने मानले होते. सहज सापडणारे मासे आधी संपतात आणि मागे अवघड मासे उरतात, म्हणून एकत्र आकड्यांत पकड खऱ्यापेक्षा वेगाने घटल्यासारखी दिसते, p फुगतो आणि संख्या कमी येते. ही चूक नेहमी एकाच बाजूची असते, आणि अपेक्षित व प्रत्यक्ष पकडीची तुलना ती पकडू शकत नाही, हे आपण आत्ताच पाहिले. एकाच आकाराच्या माशांतही काही चलाख असतात आणि वीज लागून सुटलेला मासा पुढच्या फेरीत खोल दडतो, त्यामुळे १३१ हा आकडासुद्धा कमीच असण्याची शक्यता आहे.

हीच गणिते आर या संगणक-भाषेतल्या `FSA` पॅकेजने करता येतात:

```r
library(FSA)
mothe <- removal(c(44, 12, 3), method = "Seber3")
lahan <- removal(c(20, 15, 10), method = "Seber3")
summary(mothe); summary(lahan)
confint(lahan)
```

`method` लिहिले नाही, तर हे पॅकेज कार्ल आणि स्ट्रब यांची १९७८ ची पद्धत आपोआप वापरते. ती चांगली पद्धत आहे आणि उत्तरे थोडी वेगळी येतात. अहवालात कोणती वापरली ते लिहिलेच पाहिजे.

पकड घटलीच नाही तर

त्याच पट्ट्यात मुरी, म्हणजे तळाशी वाळूत आणि दगडाखाली राहणारे लहान मासे, तीन फेऱ्यांत ११, ९ आणि १० सापडले असे समजा. सूत्रात घातले तर उत्तर २१५ येते! तीस माशांवरून दोनशे पंधरा. सूत्राच्या छेदात X वजा Y आहे, आणि तो उलगडला तर पहिल्या व तिसऱ्या फेरीतला फरक, म्हणजे c1 वजा c3, एवढाच उरतो. येथे तो एक आहे. तिसऱ्या फेरीत एक मासा जास्त सापडला असता, तर छेद शून्य होऊन उत्तरच आले नसते. प्रमाणत्रुटी काढली तर ती सुमारे ८९० येते. अशा वेळी कार्ल-स्ट्रब पद्धत एक शहाणा दिसणारा आकडा देते, पण माहिती नसताना आलेला आकडा माहिती देत नाही. मुरीसाठी ‘तीन फेऱ्यांत ३० आढळले, घट नसल्यामुळे संख्येचा अंदाज दिलेला नाही’ एवढेच लिहावे. सगळ्या प्रजातींची बेरीज करून एकच सूत्र लावणे हा त्यावरचा उपाय नव्हे. त्याने मोठ्या-लहानांची जी चूक वर पाहिली, तीच अधिक मोठी होते.

अंदाज तपासण्याचा एक मार्ग

एक दिवस जास्त मिळत असेल, तर तो या कामाला द्यावा. आदल्या दिवशी जाळी लावून, विजेशिवाय, ओढजाळ्याने त्याच पट्ट्यातले समजा २५ लहान मळ्या पकडावेत, शेपटीच्या पराचा वरचा कोपरा किंचित कापून खूण करावी आणि बंद पट्ट्यातच सोडावेत. दुसऱ्या दिवशी तीन फेऱ्यांत खुणेचे किती सापडतात, ते मोजावे. समजा ११ सापडले. म्हणजे लहान माशांपैकी तीन फेऱ्यांत ४४ टक्केच हाती आले. रिमूव्हलच्या गणितानुसार मात्र ७० पैकी ४५, म्हणजे ६४ टक्के सापडायला हवे होते. खुणेच्या माशांवरून लहान माशांची संख्या ४५ भागिले ०.४४, म्हणजे सुमारे १०२ येते. पंचवीस मासे हा आकडा लहान आहे आणि १०२ भोवतीही मोठी व्याप्ती आहे, पण चूक कोणत्या बाजूला आहे ते यातून स्पष्ट दिसते. रात्रभर जाळी लावलेली असतील, तर पहाटे पाने काढायला माणूस लागतो, हे आधीच ठरवून घ्यावे.

अहवालात काय लिहावे

पट्ट्याची रुंदी दर पाच मीटरला मोजून सरासरी काढावी. आपल्या उदाहरणात ती ३.२ मीटर असेल, तर क्षेत्रफळ १६० चौरस मीटर होते. तिथपासून पुढचा परिच्छेद साधारण असा असावा:

‘पन्नास मीटर लांबीच्या, १६० चौरस मीटर क्षेत्रफळाच्या, दोन्ही टोकांना पाच मिलिमीटर जाळीने बंद केलेल्या पट्ट्यात समान सेटिंगने तीन फेऱ्या घेतल्या. मळ्याची संख्या दोन लांबीगटांत स्वतंत्रपणे काढून बेरीज केली असता १३१ आली. ९५ टक्के व्याप्ती १०४ ते १७७. घनता दर १०० चौरस मीटरला ८२, व्याप्ती ६५ ते १११. पाच सेंटिमीटरहून लहान माशांची एका फेरीतली पकड-शक्यता ०.२९ एवढी कमी असल्यामुळे हा अंदाज वास्तवापेक्षा कमी असण्याची शक्यता आहे.’

त्याखाली प्रत्यक्ष वाहकता आणि तापमान, व्होल्टेज, स्पंदरुंदी, स्पंदसंख्या, प्रत्येक फेरीचे सेकंद, फेऱ्यांमधला वेळ, जाळी तपासल्याच्या वेळा आणि मृत मासे द्यावेत. परिशिष्टात प्रत्येक माशाची फेरी आणि लांबी एका ओळीत एक अशी पूर्ण यादी जोडावी, म्हणजे पाच सेंटिमीटरची सीमा कुणाला पटली नाही, तर तो ती चारवर आणून सगळे गणित स्वतः पुन्हा करू शकेल.